बातमीदाराचे नाते आणि संपादकाची टीप

समजा, तालुक्याच्या ठिकाणची एक पतसंस्था अडचणीत आली आहे. ठेवी परत देताना चालढकल सुरू झाली आहे, आणि एका दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी संचालक मंडळाच्या कर्जवाटपावर तीन भागांची मालिका लिहू पाहतो आहे. त्याच्याकडे लेखापरीक्षणाचा अहवाल आहे, कर्जप्रकरणांच्या प्रती आहेत, आणि त्या भागातील सहकार त्याच्याइतका जाणणारा दुसरा बातमीदार त्या दैनिकाकडे नाही. अडचण एकच आहे : त्याच्या आईची सुमारे चार लाख रुपयांची मुदत ठेव याच पतसंस्थेत आहे. हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचले आहे, पण महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्हा आवृत्तीत असा प्रसंग सहज येऊ शकतो, कारण लहान गावातील बातमीदाराचे नातेवाईक त्याच पतसंस्थेचे ठेवीदार, त्याच कारखान्याचे सभासद आणि त्याच शाळेचे शिक्षक असतात. अशा वेळी बातमीसोबत जी संपादकीय टीप द्यावी लागते, तिच्यात काय लिहावे आणि ते लिहिता येण्यासाठी आधी काय करावे लागते, हे या लेखात पाहू.

ही टीप म्हणजे दुरुस्ती नव्हे. बातमीत नाव, आकडा किंवा तारीख चुकली तर दुरुस्ती छापतात. इथे बातमीतील प्रत्येक शब्द बरोबर असू शकतो, आणि तरीही वाचकाला ती कोणी लिहिली हे कळणे आवश्यक असते, कारण बातमीदाराचे किंवा त्याच्या जवळच्या माणसाचे तिच्यात काही गुंतलेले आहे. म्हणून टिपेचे दोन भाग असतात. संबंध काय आहे ते पहिल्या भागात सांगायचे, आणि त्या संबंधाचा बातमीवर परिणाम होऊ नये म्हणून काय केले ते दुसऱ्यात. पहिला भाग लिहिणे सोपे असल्याने बहुतेक टिपा तिथेच थांबतात. माझ्या मते टिपेची खरी किंमत दुसऱ्या भागात आहे, आणि तो भाग बातमीचे काम चालू असतानाच घडवावा लागतो. जे केलेच नाही ते शेवटच्या रात्री टिपेत लिहिता येत नाही.

संबंध आपणहून सांगितला नाही तर काय होते, याचे चांगले नोंदलेले उदाहरण ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे आहे. २०१०च्या सुमारास या दैनिकाच्या जेरुसलेम कार्यालयाचे प्रमुख ईथन ब्रॉनर यांचा मुलगा इस्रायली सैन्यात दाखल झाला. ही गोष्ट वाचकांना प्रथम कळली ती त्या दैनिकातून नव्हे, तर इस्रायलवर कडक टीका करणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक इंतिफादा’ या संकेतस्थळावरून. मग वाद पेटला. दैनिकातच वाचकांच्या बाजूने प्रश्न विचारण्यासाठी नेमलेले क्लार्क हॉइट यांनी ब्रॉनर यांच्या कामाची प्रशंसा केली, पण मुलगा सैन्यात असेपर्यंत त्यांना दुसरी जबाबदारी द्यावी असे मत जाहीरपणे मांडले. मुख्य संपादक बिल केलर यांनी तितक्याच जाहीरपणे त्यांच्याशी असहमती दाखवली आणि ब्रॉनर २०१२ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांना हलवायला हवे होते की नाही, यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण या वादातून टीप लिहिणाऱ्याने घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. संबंध बाहेरच्याने उघड केला की त्यानंतर संपादक जे काही सांगतो ते बचाव म्हणून वाचले जाते. आमचा बातमीदार प्रामाणिक आहे, हे वाक्य खरे असले तरी त्या क्षणी वाचकाला त्याचा उपयोग होत नाही. मुलगा दाखल झाला त्याच सुमारास दैनिकाने स्वतः चार ओळी छापल्या असत्या, आणि सैन्याच्या कारवायांच्या बातम्या यापुढे कोणाच्या नजरेखालून जातील हे त्यांत सांगितले असते, तर टीका टळली नसती, पण ती लपवाछपवीबद्दल न होता निर्णयाबद्दल झाली असती.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे, आणि मला ते अधिक शिकवणारे वाटते. क्रिस कुओमो हे सीएनएन वाहिनीचे निवेदक आणि न्यूयॉर्कचे तत्कालीन गव्हर्नर अँड्र्यू कुओमो हे सख्खे भाऊ आहेत, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. क्रिस यांनी भावाची मुलाखत घेऊ नये असा नियम वाहिनीने २०१३ मध्ये केला होता. २०२० मध्ये करोनाच्या साथीच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो बाजूला ठेवण्यात आला आणि दोघे भाऊ पडद्यावर वारंवार एकत्र दिसले. पुढे गव्हर्नरांवर लैंगिक छळाचे आरोप झाले तेव्हा क्रिस यांनी पडद्यामागे भावाला किती मदत केली होती हे कागदपत्रांतून बाहेर आले आणि डिसेंबर २०२१ मध्ये वाहिनीने त्यांना काढून टाकले. इथे नाते लपवलेले नव्हते. उलट ते इतके उघड होते की आता वेगळे काही सांगण्याची गरज नाही असा समज झाला. नाते कळल्यावर कोणी काय करायचे आणि काय करायचे नाही, ही दुसरी अर्धी बाजू मात्र सोडून दिली गेली.

उघड केले म्हणजे काम झाले, हा समज किती फसवा आहे हे डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टीन आणि डॉन मूर या संशोधकांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसते. नाण्यांनी भरलेल्या बरणीत किती रकमेची नाणी आहेत याचा अंदाज काही जणांना करायचा होता. त्यांना बरणी दुरूनच पाहता येत होती, म्हणून ती जवळून पाहिलेले सल्लागार त्यांना मदत करत. काही सल्लागारांना मात्र समोरच्याचा अंदाज जितका जास्त तितके अधिक पैसे मिळणार होते. हा हितसंबंध उघड करायला सांगितल्यावर सल्लागारांनी आकडे कमी केले नाहीत, उलट आणखी फुगवून सांगितले. ऐकणाऱ्यांनी थोडी वजावट केली, पण ती पुरेशी नव्हती. हा प्रयोग पत्रकारांवरचा नाही आणि तो जसाच्या तसा वृत्तपत्राला लावू नये. तरी त्यातून दोन शक्यता ध्यानात ठेवाव्यात : सांगून टाकल्यावर सांगणाऱ्याला मोकळीक मिळाल्यासारखे वाटू शकते, आणि ‘लेखकाचा संबंध आहे’ इतकेच कळलेल्या वाचकाला नेमकी कुठे आणि किती शंका घ्यायची हे कळत नाही.

आता पतसंस्थेकडे परत येऊ. पहिला प्रश्न टिपेचा नसून बातमीदाराचा आहे : त्याने ही मालिका लिहावीच का? आई ठेवीदार नसून संचालक असती, किंवा त्याने स्वतः त्या संस्थेचे कर्ज थकवले असते, तर मालिका दुसऱ्याकडे द्यावी लागली असती, आणि कितीही चांगल्या टिपेने ती अडचण सुटली नसती. इथे तो हजारो ठेवीदारांपैकी एकीचा मुलगा आहे, त्याच्या ज्ञानाला पर्याय नाही आणि पुरावा बहुतांशी कागदांचा आहे. म्हणून कामाचे तुकडे करून त्याला त्यांपैकी काहींवर ठेवता येते. असा निर्णय घेण्यापूर्वी वृत्तसंपादकाने त्याला समोर बसवून विचारायला हवे की ठेव कोणाच्या नावावर आहे, रक्कम किती, मुदत कधी संपते, घरातील आणखी कोणी सभासद किंवा कर्जदार आहे का, त्याने ठेवीदारांच्या कृती समितीच्या बैठकीत भाग घेतला आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संस्था अडचणीत असल्याची चाहूल लागल्यावर घरच्यांनी ठेवीतील काही रक्कम काढून घेतली का.

हा शेवटचा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. बातमीदाराला जे आज कळते ते बाकीच्या ठेवीदारांना छापून आल्यावर कळते, आणि या मधल्या काळात घरच्या माणसाने पैसे काढले तर तो इतरांच्या आधी मिळालेल्या माहितीचा लाभ ठरतो. छापण्यासाठी मिळालेली माहिती स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या फायद्यासाठी वापरू नये, हे भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांतही सांगितलेले आहे. इथे तोंडी उत्तरावर न थांबता खातेउतारा पाहावा. पाहिला असेल तरच तसे टिपेत लिहिता येते.

पूर्वग्रह कुठून शिरेल याचाही याच बैठकीत विचार करावा. आईचे पैसे अडकले आहेत म्हणजे मुलगा संचालकांवर तुटून पडेल, असे आपण सहज धरून चालतो. तसे होईलही. पण आरडाओरड झाल्यास सगळेच ठेवीदार एका दिवशी दारात येतील आणि आईचे पैसे कायमचे जातील, या भीतीने तो हात आखडता घेण्याचीही तितकीच शक्यता आहे. पुढच्या कारवाईबद्दलही त्याचे मन एका बाजूला झुकू शकते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये लेखापरीक्षण कलम ८१ खाली, निबंधकांची चौकशी कलम ८३ खाली आणि नुकसानीची जबाबदारी संचालकांवर निश्चित करणे कलम ८८ खाली होते. संस्था अवसायनात काढण्याची, म्हणजे ती बंद करून तिचे देणे-घेणे मिटवण्याची, तरतूद वेगळी आहे. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला संचालकांकडून वसुली व्हावी आणि संस्था चालू राहावी असे वाटणे स्वाभाविक आहे, मग अवसायनाच्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे न कळत शेवटच्या परिच्छेदात ढकलले जाते. बातमीतील आकडे यामुळे चुकत नाहीत. कोणाला आधी बोलू दिले, कोणता उपाय उघडच योग्य असल्यासारखा मांडला, कोणता प्रश्न विचारलाच नाही, अशा निवडींत झुकाव दिसतो, म्हणून उपाययोजनाही या निवडींच्या जागीच करावी लागते.

समजा, वृत्तसंपादकाने असे ठरवले : कागदपत्रांवरचे काम जिल्हा प्रतिनिधीने करावे, पण त्यातील प्रत्येक आकडा मुख्य कार्यालयातील उपसंपादकाने मूळ कागदाशी ताडून पाहावा. संचालकांशी आणि ठेवीदारांशी शेजारच्या जिल्ह्याच्या प्रतिनिधीने बोलावे आणि कोणत्या ठेवीदारांशी बोलायचे हेही त्यानेच ठरवावे, नाहीतर आईच्या ओळखीचीच माणसे बातमीत येतात. पुढे काय होऊ शकते हे सांगणारा तिसरा भाग जिल्हा प्रतिनिधीने लिहूच नये. मथळे डेस्कने द्यावेत. हे सगळे निर्णय तारखेसह एका कागदावर लिहून ठेवावेत, कारण टीप या नोंदीवरून लिहायची आहे, आठवणीवरून नव्हे.

इतके करूनही पुष्कळदा छापली जाणारी टीप अशी असते :

‘या बातमीच्या लेखकाचा संबंधित संस्थेशी वैयक्तिक संबंध आहे. तथापि, बातमी पूर्णपणे निष्पक्षपणे लिहिण्यात आली आहे.’

या दोन वाक्यांनी वाचकाचे नुकसानच होते. ‘वैयक्तिक संबंध’ या शब्दांत आईची ठेवही बसते, संचालकाशी सोयरीकही बसते आणि थकवलेले कर्जही बसते, त्यामुळे वाचक सर्वांत वाईट शक्यता धरतो. दुसऱ्या वाक्यात दावा आहे, कृती नाही. निष्पक्षपणा ठरवणे हे वाचकाचे काम आहे. संपादकाने त्याला ठरवण्यासाठी साहित्य द्यायचे असते. शिवाय ‘लिहिण्यात आली आहे’ या रचनेत कोणी काय केले हे नाहीसे होते. त्याऐवजी टीप अशी लिहिता येईल :

‘संपादकीय टीप : या मालिकेचे मुख्य बातमीदार असलेल्या आमच्या जिल्हा प्रतिनिधींच्या आईची सुमारे चार लाख रुपयांची मुदत ठेव या पतसंस्थेत आहे. विषय सुचवतानाच त्यांनी हे वृत्तसंपादकांना सांगितले. मालिकेचे काम सुरू झाल्यापासून या ठेवीतून त्यांच्या घरच्यांनी रक्कम काढलेली नाही. खातेउतारा आम्ही पाहिला आहे. लेखापरीक्षण अहवाल आणि कर्जप्रकरणांची कागदपत्रे त्यांनी मिळवली असून त्यांतील आकडे मुख्य कार्यालयातील उपसंपादकांनी मूळ कागदांशी ताडून पाहिले आहेत. संचालक व ठेवीदार यांच्या मुलाखती शेजारच्या जिल्ह्यातील प्रतिनिधींनी घेतल्या. संचालक मंडळाला लेखी प्रश्न आम्ही सात दिवस आधी पाठवले होते. त्यांचे उत्तर आम्ही पहिल्या भागात पूर्ण दिले आहे. वसुली आणि अवसायन यांविषयीचा तिसरा भाग आमच्या जिल्हा प्रतिनिधींनी लिहिलेला नाही. विषयाची निवड आणि कोणती कर्जप्रकरणे तपासायची हा निर्णय मात्र त्यांचाच आहे.’

या टिपेतील प्रत्येक वाक्याला कर्ता आहे आणि प्रत्येक वाक्य खोटे ठरू शकते. ज्या वाक्याला कोणी आव्हानच देऊ शकत नाही, ते वाक्य टिपेत काही सांगत नसते. संचालक मंडळ उद्या म्हणू शकते की प्रश्न सात दिवस नव्हे तर दोनच दिवस आधी मिळाले. अशी तपासणी शक्य असल्यामुळेच त्या वाक्याला वजन आहे. रक्कमही त्याच कारणासाठी दिली आहे, कारण चार लाख आणि चाळीस लाख यांत वाचकाच्या दृष्टीने फरक आहे. ठेवीची पावती छापण्याची किंवा आईचे नाव देण्याची मात्र गरज नाही. नाते आणि हितसंबंध कळले म्हणजे वाचकाचे काम होते, आणि ज्या आईने पत्रकारिता निवडलेली नाही तिच्या खासगीपणाला तेवढी किंमत द्यायला हवी. टीप छापण्यापूर्वी तिला तशी कल्पना देण्याचे काम मुलावर सोपवावे, पण टीप द्यायची की नाही हा निर्णय तिच्या संमतीवर ठेवता येत नाही. ती नकोच म्हणाली, तर बातमीदार बदलावा.

सर्वांत जास्त विरोध टिपेच्या शेवटच्या वाक्याला होतो. आपण स्वतःच उणीव का दाखवायची, असे डेस्कवर कोणीतरी हमखास विचारते. पण कोणती प्रकरणे उचलायची ही निवड बातमीदाराचीच होती, ती कोणी दुसऱ्यांदा केली नाही, आणि झुकाव उरला असेल तर तो तिथे असण्याची शक्यता अधिक. वाचकाला शंका नेमकी कुठे घ्यावी हे या वाक्यातून कळते. नाण्यांच्या प्रयोगात ऐकणाऱ्यांना नेमके हेच मिळाले नव्हते.

टिपेची जागाही ठरवावी लागते. छापील अंकात ती बातमीच्या सुरुवातीला, वेगळ्या चौकटीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत यावी. उरलेली बातमी आतल्या पानावर जाणार असेल तर टीप तिच्यासोबत आत जाऊ नये. तिन्ही भागांवर ती हवी, कारण दुसऱ्या भागाच्या वाचकाने पहिला वाचला असेलच असे नाही. मालिकेनंतर सहा महिन्यांनी त्याच प्रतिनिधीने निबंधकांच्या आदेशाची छोटी बातमी दिली तर तिथे लांब टीप नको, पण आईच्या ठेवीचे एक वाक्य हवे, आणि ती ठेव दरम्यान परत मिळाली असेल तर तेही हवे. बातमी दुसऱ्या आवृत्तीने उचलली, चित्रफितीसाठी तिचा सारांश केला किंवा समाजमाध्यमावर फक्त मथळा गेला की टीप आपोआप गळून पडते. बातमीच्या मजकुरातच, पहिल्या चार-पाच परिच्छेदांत, एक वाक्य गुंफले तर ते बहुधा टिकते, म्हणून मी चौकट आणि हे वाक्य दोन्ही ठेवावे असे म्हणेन.

संबंध बातमी छापल्यानंतर कळला तर टिपेचा आराखडा बदलतो. तेव्हा संपादकाला ते कोणत्या तारखेला आणि कसे कळले, बातमीदाराने आधी का सांगितले नव्हते याबद्दल दैनिकाला काय ठाऊक आहे, आणि त्यानंतर बातमी कोणी तपासली, हे सांगावे लागते. तपासणी अजून चालू असेल तर तसे लिहून टीप लगेच छापावी आणि निष्कर्ष आल्यावर तिच्यात तारखेसह भर घालावी. संकेतस्थळावरील जुन्या मजकुरात गुपचूप एक ओळ घुसवणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण आधीची प्रत कोणाकडे तरी असतेच, आणि मग संबंध लपवल्याच्या आरोपात बदल लपवल्याची भर पडते. फेरतपासणीत चूक सापडली तर तिची दुरुस्ती स्वतंत्रपणे छापावी. दोन्ही एकत्र केल्यास चूक नात्यामुळेच झाली असा अर्थ निघतो, आणि तो खरा असेलच असे नाही.

टीप लिहिण्याचे काम बातमीदाराचे नसते. ती वृत्तसंपादकाने किंवा संपादकाने लिहावी, बातमीदाराला फक्त तथ्यांची खात्री करण्यासाठी दाखवावी, आणि छापण्यापूर्वी मालिकेशी काहीही संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याकडून संचालकांच्या बाजूने वाचून घ्यावी. त्याने आक्षेप घेतलेल्या प्रत्येक वाक्यामागे कामाच्या नोंदींचा कागद दाखवता आला तर ते वाक्य ठेवावे, नाहीतर काढून टाकावे.